कागदावर २०, निकालात ५५

गेल्या वर्षी आमच्या शहरातल्या एका शिष्यवृत्ती समितीची गुणवत्ता यादी मी तयार केली. समितीचं नाव लिहीत नाही, कारण दोष त्या एका समितीचा नाही आणि त्या यादीत माझाही हात आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, म्हणून एक्सेलचं काम माझ्याकडे आलं. बारावीला ५० टक्के वेटेज, समितीच्या लेखी परीक्षेला ३० आणि मुलाखतीला २०, असं परिपत्रक आधीच छापलेलं होतं. अंतिम फेरीत चाळीस मुलं-मुली होत्या, जागा दहा. मी सूत्र लिहिलं, खाली ओढलं, बेरजेनुसार रांग लावली आणि फाइल पाठवून दिली.

आठ दिवसांनी एका मुलीचे वडील भेटायला आले. रिक्षा चालवतात. तक्रार करायला नव्हते आले, समजून घ्यायला आले होते. म्हणाले, "बेटा, बारावीत तिला जास्त, तुमच्या पेपरात तिला जास्त, मग शेजारच्या गल्लीतला मुलगा आत आणि ती बाहेर कशी? कुठं कमी पडली तेवढं सांग, पुढच्या वेळी भरून काढेल." मी त्यांना वेटेजचा हिशेब दाखवला. हिशेब बरोबर होता. ते मान डोलावून निघून गेले. मला मात्र तो हिशेब पुन्हा उघडावा लागला आणि तेव्हा कळलं, की बेरीज बरोबर असली तरी परिपत्रक खोटं होतं.

हा लेख त्या खोटेपणाबद्दल आहे. मुद्दाम कुणी केलेला नाही, म्हणून तो जास्त धोकादायक आहे.

आधी सूत्र पाहू. वेगवेगळ्या वेटेजच्या पेपरांची बेरीज करताना प्रत्येक पेपरचे मिळालेले गुण त्या पेपरच्या एकूण गुणांनी भागायचे, वेटेजने गुणायचे आणि मग सगळं मिळवायचं. आमच्याकडे बारावीची टक्केवारी शंभरपैकी, लेखी परीक्षा साठपैकी आणि मुलाखत वीसपैकी होती. म्हणून एका ओळीचं सूत्र असं:

```
=50*B2/100 + 30*C2/60 + 20*D2/20
```

एकूण गुणांनी भागायचं विसरलं तर साठ गुणांचा पेपर आणि शंभर गुणांचा पेपर एका मापात येत नाहीत. ती चूक मी केली नव्हती. इतकं पाहिलं की बहुतेक लोक समाधानी होतात आणि मीही झालो होतो.

आता त्या दोघांचे आकडे बघा. मुलीला बारावीत ९१ टक्के, लेखी परीक्षेत साठपैकी ४४ आणि मुलाखतीत वीसपैकी ९. तिचे गुण झाले ४५.५ अधिक २२ अधिक ९, म्हणजे ७६.५. मुलाला बारावीत ८५ टक्के, लेखीत ३६ आणि मुलाखतीत १८. त्याचे झाले ४२.५ अधिक १८ अधिक १८, म्हणजे ७८.५. मुलगा दोन गुणांनी पुढे.

ज्या दोन पेपरांचं मिळून वेटेज ८० आहे, त्या दोन्हींत मुलगी ठळकपणे पुढे होती. ज्या एका पेपरचं वेटेज २० आहे, त्यात ती मागे होती. तरी निकाल त्या वीसने ठरवला. याला योगायोग म्हणता येईल का, हे बघायला मी चाळीसही जणांचे आकडे काढले.

बारावीत सगळे ८४ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान होते. साहजिक आहे, कारण ८४च्या खालच्यांना आपण अंतिम फेरीत घेतलंच नव्हतं. म्हणजे बारावीत सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या मुलात फक्त आठ टक्क्यांचा फरक. ५० वेटेजने गुणलं की अंतिम बेरजेत तो फरक उरतो चार गुणांचा. लेखी परीक्षेत सगळे साठपैकी ३३ ते ४५ दरम्यान होते, म्हणजे अंतिम बेरजेत जास्तीत जास्त फरक सहा गुणांचा. मुलाखतीत मात्र कुणाला ६ मिळाले, कुणाला १९. अंतिम बेरजेत तेरा गुणांचा फरक.

चार, सहा आणि तेरा. एकूण तेवीस गुणांच्या खेळात तेरा मुलाखतीचे. ज्या पेपरला परिपत्रकात निम्मं वेटेज होतं, तो प्रत्यक्षात चारच गुण इकडेतिकडे करू शकत होता.

कारण साधं आहे. गुणवत्ता यादी कुणाला किती मिळाले यावर लागत नाही, कुणाला दुसऱ्यापेक्षा किती जास्त मिळाले यावर लागते. ज्या पेपरात सगळ्यांना जवळजवळ सारखेच गुण असतात, तो पेपर सगळ्यांच्या बेरजेत सारखीच भर घालतो. रांगेवर त्याचा परिणाम होत नाही, मग त्याचं वेटेज ५० असो की ७०. रांग बदलतो तो गुणांचा पसारा. वेटेज गुणिले पसारा म्हणजे त्या पेपरची खरी ताकद.

फक्त सर्वात वरचा आणि सर्वात खालचा गुण पाहिला तर एखाद्या टोकाच्या मुलामुळे चित्र बिघडतं. म्हणून पसारा मोजायला सांख्यिकीत प्रमाण विचलन वापरतात. सरासरीपासून मुलं साधारण किती लांब पसरली आहेत, ते त्यातून कळतं. एक्सेलमध्ये ते काढायला अर्धा मिनिट लागतो:

```
=50*STDEV.P(B2:B41)/100
=30*STDEV.P(C2:C41)/60
=20*STDEV.P(D2:D41)/20
```

आमच्या यादीत उत्तरं आली १.०, १.५ आणि ३.०. बेरीज साडेपाच. टक्क्यांत सांगायचं तर बारावीची ताकद १८, लेखीची २७ आणि मुलाखतीची ५५. ही वाटणी ढोबळ आहे. दोन पेपरांचे गुण एकमेकांबरोबर वरखाली होत असतील तर ती थोडी सरकते, कारण एकमेकांना साथ देणारे पेपर मिळून जास्त ओढतात. पण २० छापलेला पेपर ५५ची ताकद दाखवत असेल, तर तो ढोबळपणा वादाचा विषय राहत नाही.

मी हे घेऊन समितीतल्या एका ज्येष्ठांकडे गेलो. आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो, आयुष्यभर शिकवलंय त्यांनी. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि दोन गोष्टी विचारल्या. दोन्ही प्रश्न मी नंतर इतरांकडूनही ऐकले, म्हणून त्यांना इथेच उत्तर देतो.

पहिला प्रश्न: "वेटेज आधी जाहीर केलं होतं, सगळ्यांना एकच नियम लावला. मग अन्याय कुठं झाला?"

अन्याय जाहीर करण्यातच झाला, सर. त्या मुलीने परिपत्रक वाचलं. बारावी निम्मी आहे हे बघून तिने बारावीसाठी रात्री जागवल्या, आणि मुलाखत वीसच आहे म्हणून तिची तयारी केली नाही. आपण तिला सांगितलेले नियम वेगळे होते आणि तिला लावलेले नियम वेगळे होते. सगळ्यांना सारखंच चुकीचं सांगितलं म्हणून ते बरोबर ठरत नाही.

दुसरा प्रश्न: "मुलाखतीला महत्त्व नको का? नुसत्या मार्कांवर माणूस कळतो का?"

नाही कळत. मुलाखतीला महत्त्व द्यायचं असेल तर जरूर द्या. ५५ द्यायचे असतील तर ५५ छापा, त्याचं समर्थन करा आणि लोकांचे प्रश्न झेला. २० छापून ५५ वसूल करणं हे महत्त्व देणं नव्हे. आणि आपल्या मुलाखतीतला पसारा आला कुठून, तेही बघायला हवं. परीक्षकांना आपणच सांगितलं होतं, की सगळ्यांना बारा-तेरा देऊ नका, मोकळेपणाने मार्क द्या, म्हणजे निवड सोपी होईल. निवड सोपी झाली, पण ती परीक्षकांच्या मोकळेपणाने झाली. ती मुलगी उर्दू माध्यमात शिकलेली. तीन अनोळखी मोठ्या माणसांसमोर ती अडखळत मराठीत बोलली, तिला ९ मिळाले. मुलगा बोलका होता, त्याला १८ मिळाले. त्याचा यात काहीच दोष नाही.

ही गोष्ट मी शोधून काढलेली नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ती चाळीस वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहे. अजय हासिया खटल्यात, १९८० साली, श्रीनगरच्या रिजनल इंजिनिअरिंग कॉलेजचे प्रवेश तपासले गेले. तिथे लेखी परीक्षा १०० गुणांची आणि मुलाखत ५० गुणांची होती, म्हणजे एकूण गुणांच्या एक तृतीयांश. न्यायालय म्हणालं, की प्रवेशासाठी मुलाखतीला १५ टक्क्यांपेक्षा जास्त गुण ठेवणं मनमानी ठरेल. पुढे १९८५ साली अशोक कुमार यादव खटल्यात हरियाणा लोकसेवा आयोगाची निवड समोर आली. लेखी ७०० गुण, तोंडी २००, म्हणजे २२.२ टक्के. तिथे न्यायालयाने नुसती टक्केवारी पाहिली नाही. लेखी परीक्षेतल्या गुणांच्या पसाऱ्यापेक्षा तोंडी परीक्षेतल्या गुणांचा पसारा फार मोठा होता आणि त्यामुळे निवड तोंडी परीक्षाच ठरवत होती, हे त्या निकालात नोंदवलेलं आहे. सर्वसाधारण उमेदवारांसाठी तोंडी परीक्षेचा वाटा १२.२ टक्क्यांवर जाऊ नये, असं न्यायालयाने सांगितलं. दोन्ही निकाल न्यायमूर्ती भगवतींनी लिहिले.

आपल्याकडच्या संस्थांनी त्यातली टक्केवारी लक्षात ठेवली आणि पसारा विसरल्या. "आमची मुलाखत २० टक्केच आहे" असं अभिमानाने सांगितलं जातं. २० टक्के कशाचे, हे कुणी विचारत नाही.

मग उपाय काय? इंजिनिअरच्या तोंडी पहिला उपाय येतो तो सगळे पेपर एका मापात आणण्याचा. प्रत्येक मुलाच्या गुणातून त्या पेपरची सरासरी वजा करायची आणि उरलेल्याला त्या पेपरच्या प्रमाण विचलनाने भागायचं. मग सगळ्या पेपरांचा पसारा सारखा होतो आणि छापलेलं वेटेज खऱ्या ताकदीच्या जवळ येतं. आमच्या यादीत बारावीची सरासरी ८८ आणि विचलन २, लेखीची ३९ आणि ३, मुलाखतीची १३ आणि ३ होतं. मुलीचे आकडे झाले बारावीत अधिक १.५, लेखीत अधिक १.६७, मुलाखतीत उणे १.३३. वेटेज लावून बेरीज जवळजवळ अधिक ०.९८. मुलाची बेरीज उणे ०.७२. दोन गुणांनी मागे असलेली मुलगी इथे कितीतरी पुढे जाते. याच गोष्टीकडे उलट बाजूने बघा: आमच्या त्या चाळीस जणांत मुलाखतीची ताकद खरोखर २० टक्के ठेवायची असती, तर तिचं कागदावरचं वेटेज जेमतेम ४ ठेवावं लागलं असतं.

देशपातळीवर हे झालेलं आहे. २०१३ ते २०१६ या काळात जेईई मेनच्या रँकमध्ये बारावीला ४० टक्के वाटा होता. पण बोर्डाची टक्केवारी थेट मिळवत नसत, कारण प्रत्येक बोर्डाची सरासरी वेगळी आणि पसाराही वेगळा. आधी मुलाचा त्याच्या बोर्डातला पर्सेंटाइल काढत. मग त्याच पर्सेंटाइलवर जेईईत किती गुण येतात ते बघत, एकदा सगळ्या देशातल्या उमेदवारांत आणि एकदा त्याच बोर्डाच्या उमेदवारांत, आणि दोन्हींची सरासरी घेत. म्हणजे बारावी जेईईच्या मापात उतरवायची आणि मगच ६० आणि ४०चं वेटेज लावायचं. सूत्र पालकांना कळायला कठीण होतं आणि २०१७पासून बारावीचा वाटा रँकमधून काढूनच टाकला. पण ६० आणि ४० हे आकडे नुसते छापून चालत नाहीत, एवढी समज त्यामागे होती.

तरीही आमच्यासारख्या चाळीस मुलांच्या समितीने डोळे झाकून हे सूत्र वापरावं, असं मी म्हणणार नाही. त्यात दोन खड्डे आहेत. एक म्हणजे सरासरी आणि विचलन त्या गटावर अवलंबून असतात. एखाद्या मुलाने नाव मागे घेतलं तर आकडे हलतात आणि त्याच्याशी संबंध नसलेल्या दोघांचा क्रमही बदलू शकतो. लहान गटात हे सहज होतं आणि ते कुणालाही समजावून सांगता येत नाही. दुसरा खड्डा जास्त खोल आहे. ८४ ते ९२ टक्क्यांत जमलेल्या मुलांमधला दोन टक्क्यांचा फरक खरंच गुणवत्तेचा आहे, की पेपर तपासणाऱ्याच्या हाताचा? विचलनाने भागलं की तो बारीक फरक फुगतो आणि निम्मा निकाल त्याच्या हातात जातो.

मला यातून पटलेला मार्ग वेगळा आहे. बारावीने एकदा आपलं काम केलं, तिने दार राखलं. ८४च्या वरचे आत आले. दार राखणाऱ्याला पुन्हा वेटेज कशाला? यूपीएससीत पूर्वपरीक्षेचे गुण अंतिम यादीत धरत नाहीत ते याच न्यायाने: ती चाळणी आहे, बेरजेचा भाग नाही. आमच्या समितीने बारावी चाळणीपुरती ठेवावी आणि अंतिम यादी लेखी ८० आणि मुलाखत २० यावर लावावी. या हिशेबाने मुलीचे ६७.७ होतात आणि मुलाचे ६६.

एवढ्यावरही काम संपत नाही. ८० आणि २० केल्यावर पसारा पुन्हा मोजला तर लेखीची ताकद ५७ येते आणि मुलाखतीची ४३. म्हणून मुलाखतीचा पसाराच आवरावा लागेल. तिघा परीक्षकांनी आपापसांत न बोलता वेगवेगळे गुण लिहावेत आणि त्यांची सरासरी घ्यावी. एकाच्या मर्जीचे टोकाचे गुण त्यात आपोआप बोथट होतात. विसापैकी गुण एका झटक्यात न देता कशासाठी किती हे आधी ठरलेलं असावं: विषयाची समज, पुढच्या शिक्षणाची आखणी, घरची गरज. आणि मुलाने कोणत्या भाषेत बोलायचं ते मुलाने ठरवावं. भाषेची सफाई तपासायचीच असेल तर तिचे गुण वेगळे छापावेत.

ज्या संस्था शिष्यवृत्त्या देतात, वसतिगृहात प्रवेश देतात, शिक्षक नेमतात, त्या सगळ्यांकडे माझी मागणी एकच आहे. यादीबरोबर तीन आकडे जाहीर करा: प्रत्येक पेपरचं छापलेलं वेटेज, त्या पेपरातल्या गुणांचा पसारा आणि दोन्हींचा गुणाकार. कुणाचं नाव उघड होत नाही आणि खर्च काही नाही. यादी लावण्याआधी सरावाच्या गुणांवर किंवा मागच्या वर्षीच्या गुणांवर हे मोजून बघा. छापलेलं आणि खरं यांत मोठी तफावत दिसली, तर परिपत्रक काढण्याआधी वेटेज बदला. निकाल लागल्यावर बदलाल तर ती दुसरी मनमानी होईल.

म्हणूनच मी त्या मुलीसाठी गेल्या वर्षीची यादी फिरवायला सांगितलं नाही. दहा मुलांना कळवून झालं होतं, त्यांनी फी भरली होती. ती मुलगी आता जवळच्या कॉलेजात बीएस्सीला आहे, जिथे जायचं होतं तिथे नाही. तिच्या वडिलांना मी परत भेटलो आणि सांगितलं, की ती कुठेही कमी पडली नव्हती, आमचं माप चुकलं होतं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हे तिलाच सांग. ती वर्षभर मुलाखत आठवून रडते."

मी तिला सांगितलं. तिने वही काढली, चार, सहा आणि तेराचा हिशेब स्वतः करून बघितला आणि एवढंच विचारलं, "भाई, हे तुम्ही यादी लावायच्या आधी का नाही केलं?"

पुढच्या महिन्यात समितीची बैठक आहे. नवीन परिपत्रकाचा मसुदा आला आहे आणि त्यात पुन्हा ५०, ३०, २० लिहिलं आहे.